सहा चेंडूंचे षटक नऊ चेंडूंचे कसे होते?

क्रिकेटचे षटक सहा चेंडूंचे असते, पण ते सहाही चेंडू नियमात बसणारे असावे लागतात. नोबॉल आणि वाइड हे दोन प्रकारचे चेंडू षटकाच्या मोजणीत धरले जात नाहीत. ते पुन्हा टाकावे लागतात, आणि दर वेळी समोरच्या संघाला एक धाव आयती मिळते. नोबॉलमध्ये चूक चेंडू टाकण्याच्या पद्धतीत असते. गोलंदाजाचा पाय रेषेपुढे पडतो, चेंडू कमरेच्या वरून येतो किंवा यष्टिरक्षकाचे हातमोजे यष्ट्यांच्या पुढे येतात. वाइडमध्ये पद्धत बरोबर असते, पण चेंडू फलंदाजाच्या आवाक्याबाहेरून जातो. फ्री हिट हा स्वतंत्र प्रकार नाही. नोबॉलनंतरच्या चेंडूवर फलंदाजाला मिळणारी ती सवलत आहे. पहिल्यांदा स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांच्या सामन्यात अनेकदा संघातल्या एखाद्या फलंदाजाहून अवांतर धावा जास्त असतात, त्यामुळे या तीन नियमांची नीट ओळख त्यांना पहिल्या सामन्याआधीच व्हायला हवी.

सुरुवात रेषांपासून केलेली बरी. गोलंदाजाच्या टोकाला यष्ट्यांच्या पुढे १.२२ मीटरवर, म्हणजे चार फुटांवर, एक आडवी रेषा असते. तिला पॉपिंग क्रीज म्हणतात. मधल्या यष्टीच्या दोन्ही बाजूंना १.३२ मीटरवर दोन उभ्या रेषा असतात, त्या रिटर्न क्रीज. चेंडू टाकताना गोलंदाजाचा मागचा पाय रिटर्न क्रीजच्या आत पडावा लागतो आणि त्या रेषेला त्याचा स्पर्शही चालत नाही. पुढच्या पायाचा नियम थोडा सैल आहे. पुढचा पाय पडतो त्या क्षणी त्याचा काही ना काही भाग पॉपिंग क्रीजच्या मागे असला की पुरे. पूर्ण पाऊल मागे असण्याची गरज नाही. पंजा रेषेच्या पुढे गेला आणि टाच मागे राहिली, तरी चेंडू योग्य ठरतो. ती टाच त्या क्षणी जमिनीला टेकलेली असो वा वर उचललेली, फरक पडत नाही. पाय पडल्यावर तो घसरत पुढे गेला, तरीही नोबॉल होत नाही, कारण नियम पाहतो तो पाय पडण्याचा क्षण.

इथे मुलांचा एक नेहमीचा गोंधळ होतो. चुन्याचा पट्टा दोन-तीन बोटे जाड असतो. मग नेमकी रेषा कोणती? नियमाप्रमाणे पॉपिंग क्रीज म्हणजे त्या पट्ट्याची मागची कड, यष्ट्यांच्या बाजूची. म्हणून टाच पट्ट्यावर पडली आणि मागच्या कडेच्या मागे पायाचा कोणताच भाग नसला, तर तो नोबॉल आहे. ‘माझा पाय रेषेवरच होता’ ही गोलंदाजाची तक्रार खरी असली तरी ती त्याच्या उपयोगाची नसते.

ही चूक फक्त दुरून धावत येणाऱ्या वेगवान गोलंदाजांकडून होते, असे पुष्कळांना वाटते. ३१ मार्च २०१६ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर झालेल्या टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याने हा समज खोटा ठरवला. भारताने २ बाद १९२ धावा केल्या होत्या. वेस्ट इंडिजचा लेंडल सिमन्स १८ धावांवर असताना रविचंद्रन अश्विनच्या चेंडूवर त्याचा झेल घेतला गेला, पण अश्विनचा पाय पुढे पडला होता. अश्विन ऑफस्पिनर आहे आणि त्याचा रनअप काही पावलांचाच असतो. पुढे सिमन्स ५० धावांवर असताना हार्दिक पंड्याच्या चेंडूवर पुन्हा झेलला गेला आणि तोही चेंडू नोबॉल निघाला. सिमन्स ८२ धावांवर नाबाद राहिला आणि वेस्ट इंडिजने दोन चेंडू राखून सामना जिंकला. दोन्ही झेल क्षेत्ररक्षकांनी नीट घेतले होते, पण दोन्ही वेळा गोलंदाजाचा पाय रेषेच्या अलीकडे थांबला नव्हता.

मुलांचा पाय पुढे का पडतो, याची कारणे साधी आहेत. सर्वांत मोठे कारण म्हणजे नेटमध्ये रेषा न आखता केलेला सराव. तिथे कोणी पायाकडे पाहत नाही, त्यामुळे मूल रोज वीतभर पुढून चेंडू टाकते आणि तेच अंगवळणी पडते. दुसरे कारण रनअपच्या खुणेचे. रनअप मोजायचा तो क्रीजपासून मागे. गोलंदाजाने क्रीजवर पाठ करून उभे राहावे, आपल्या नेहमीच्या वेगाने मैदानाकडे धावत जावे आणि चेंडू टाकण्याची उडी जिथे येते ती जागा कोणाला तरी पाहायला सांगावी. तिथे खूण करून मग उलट दिशेने, खुणेपासून क्रीजकडे धावत चेंडू टाकून पाहावा. नुसती पावले मोजून केलेली खूण फसवी असते, कारण चालतानाचे पाऊल आणि धावतानाचे पाऊल सारखे नसते. तिसरी गोष्ट सुरुवातीच्या पायाची. एका चेंडूला डावा पाय आधी टाकून आणि पुढच्या चेंडूला उजवा पाय आधी टाकून धाव सुरू केली, तर शेवटच्या उडीच्या जागेत एका पावलाचा फरक पडतो. सामन्याच्या दिवशी उत्साहात पावले लांब पडतात, त्यामुळे सरावात टाच रेषेच्या बोटभर मागे पडत असेल, तर खूण आणखी वीतभर मागे घेतलेली चांगली. एकदा नोबॉल दिल्यावर पाय किती पुढे पडला, हे पंचांना नम्रपणे विचारायला हरकत नसते. बहुतेक पंच ते सांगतात, आणि त्या अंदाजाने खूण मागे सरकवली की चूक तिथेच थांबते.

पायाखालोखाल महत्त्वाचा आहे उंच फुलटॉस. टप्पा न पडता चेंडू फलंदाजाच्या कमरेच्या वरून गेला, तर तो नोबॉल. चेंडू जोरात होता की हळू, गोलंदाजाच्या हातून चुकून निसटला की मुद्दाम टाकला, याने नोबॉलचा निर्णय बदलत नाही. ही कमर मोजायची ती फलंदाज पॉपिंग क्रीजवर सरळ उभा आहे असे धरून. फलंदाज वाकला असेल किंवा क्रीजच्या पुढे आला असेल, तर पंचांना मनात हिशेब करावा लागतो की तो क्रीजवर ताठ उभा असता तर हाच चेंडू कोणत्या उंचीवर आला असता. फुलटॉस फलंदाजाकडे येता येता खाली उतरत असतो. म्हणून फलंदाज दोन पावले पुढे आला असताना कमरेवर लागलेला चेंडू क्रीजपर्यंत पोहोचताना कमरेखाली आला असता, असेही होऊ शकते. मग तो नोबॉल ठरत नाही.

मुलांच्या सामन्यात याला एक वेगळे वळण मिळते. बारा वर्षांखालच्या संघात एखादा मुलगा खांद्याएवढा तर एखादा डोक्याने उंच असतो. उंच मुलाला टाकलेला फुलटॉस त्याच्या मांडीवर येतो आणि तो चेंडू नियमात बसतो. तसाच चेंडू बुटक्या मुलाला टाकला की त्याच्या बरगड्यांशी येतो आणि नोबॉल होतो. पंचांनी दोन वेगळे न्याय लावले, असे गोलंदाजाला वाटते, पण नियमच फलंदाजाच्या उंचीवर बेतलेला आहे. पंचांना असा चेंडू धोकादायकही वाटला, तर ते गोलंदाजाला ताकीद देतात. तसाच दुसरा धोकादायक चेंडू टाकला, तर त्या डावात त्याला पुढे गोलंदाजी करता येत नाही. म्हणून हात ओला असेल किंवा चेंडू निसटत असेल, तर तो पुसून घ्यायला गोलंदाजाने वेळ काढावा.

लहान गटात आणखी एक नोबॉल वारंवार होतो आणि तो पालकांना हमखास कोड्यात टाकतो. चेंडू पॉपिंग क्रीजपर्यंत पोहोचण्याआधी एकापेक्षा जास्त टप्पे पडले किंवा तो जमिनीवरून घरंगळत आला, तर तो नोबॉल असतो. २०१७ पूर्वी दोन टप्पे चालत असत. आता नियमाप्रमाणे एकच टप्पा चालतो. ज्या मुलांच्या खांद्यात अजून जोर आलेला नाही, त्यांचे आखूड टप्प्याचे चेंडू दुसऱ्यांदा जमिनीला लागतात आणि नोबॉल ठरतात. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर लांब असते. लहान मुलांसाठी ती अनेक ठिकाणी आखूड आखतात, त्यामागे हेही एक कारण आहे. चेंडू खेळपट्टीच्या बाहेर, बाजूच्या गवतावर टप्पा खाऊन आला, तर तोही २०१७ पासून नोबॉल आहे. अनेक स्थानिक सामन्यांत अजून अशा चेंडूला वाइड दिला जातो. चेंडू टप्पा न खाता हवेतूनच फलंदाजापासून दूर निघून गेला, तर मात्र तो खरोखर वाइड असतो.

बाकीचे नोबॉल थोडक्यात सांगता येतात. टाकताना कोपर सरळ करत चेंडू फेकला, गोलंदाजाने धावताना आपल्याच टोकाच्या यष्ट्या पाडल्या किंवा लेगच्या बाजूला पॉपिंग क्रीजच्या मागे दोनापेक्षा जास्त क्षेत्ररक्षक उभे केले, तर नोबॉल होतो. यष्टिरक्षकाने यष्टिचीत करण्याच्या घाईत चेंडू बॅटला लागण्याआधी किंवा यष्ट्या ओलांडण्याआधी हातमोजे यष्ट्यांच्या पुढे आणले, तरीही नोबॉल होतो आणि तो बळी गळून पडतो. ओव्हर द विकेट टाकत असलेल्या गोलंदाजाला राउंड द विकेट यायचे असेल, तर त्याने आधी पंचांना सांगायचे असते. न सांगता बाजू बदलली, तर त्यालाही नोबॉल मिळतो. महाराष्ट्रात गल्लीत आणि मैदानावर खेळल्या जाणाऱ्या अंडरआर्म क्रिकेटवर वाढलेल्या मुलांनी हेही लक्षात ठेवावे की लेदरच्या चेंडूच्या स्पर्धेत खालून टाकलेला चेंडू नोबॉल असतो, विशेष ठराव केला असेल तरच तो चालतो.

नोबॉल झाला की पंच एक हात खांद्याच्या रेषेत आडवा धरतात. पाय पुढे पडला असेल, तर हाक लगेच येते आणि फलंदाजाला ती ऐकून मोठा फटका मारता येतो. उंचीचा नोबॉल मात्र चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचल्यावरच समजतो. कोणताही नोबॉल असला तरी चेंडू खेळात जिवंत राहतो. इथेच पहिल्या स्पर्धेतली मुले फसतात. ‘नोबॉल आहे, म्हणजे बाद होत नाही’ असे समजून फलंदाज क्रीजबाहेर उभा राहतो. त्रिफळा, झेल, पायचीत, हिट विकेट आणि यष्टिचीत यांपैकी कशानेही नोबॉलवर तो बाद होत नाही हे खरे, पण धाव काढताना तो धावचीत होऊ शकतो. चेंडू दोनदा मारला किंवा क्षेत्ररक्षणात अडथळा आणला, तरीही तो बाद होतो. यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. नोबॉलवर फलंदाज धाव काढत नसेल, फक्त फटका मारताना पुढे गेला असेल आणि एकट्या यष्टिरक्षकाने यष्ट्या उडवल्या, तर तो बाद नाही. तिथे यष्टिचीत लागू होत नाही आणि त्याला धावचीतही धरत नाहीत.

धावांची मोजणी सोपी आहे. नोबॉलची एक धाव अवांतर खात्यात जाते. फलंदाजाने बॅटने काढलेल्या धावा त्याच्या नावावर वेगळ्या लागतात. नोबॉलवर चौकार मारला, तर संघाला पाच धावा मिळतात आणि त्यातल्या चार फलंदाजाच्या असतात. बॅटला न लागलेल्या चेंडूवर धावून काढलेल्या धावा बाय किंवा लेगबाय म्हणून लिहिल्या जातात. पुढचा चेंडू कोण खेळणार, हे एकूण धावांवरून ठरत नाही. ते प्रत्यक्ष धावून काढलेल्या धावांवरून ठरते. नोबॉलवर एकेरी धाव काढली, तर फळ्यावर दोन धावा चढतात, पण धावले एकच वेळ, म्हणून फलंदाजांची टोके बदलतात. गुणलेखनाला बसलेल्या मुलांना हे आधी समजावून सांगितलेले बरे, कारण फळ्यावर दोन पाहिले की फलंदाज आपापल्या जागी असतील असे त्यांना वाटते.

वाइडचा विचार फलंदाजाच्या आवाक्यापासून सुरू होतो. फलंदाज नेहमीच्या जागी उभा राहून नेहमीचा फटका मारू शकणार नाही इतका दूरून चेंडू गेला, तर तो वाइड. पंच दोन्ही हात आडवे पसरून तो दाखवतात. मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ऑफच्या बाजूला क्रीजजवळ एक खूण आखलेली असते. ती रिटर्न क्रीजच्या १७ इंच आत, म्हणजे मधल्या यष्टीपासून साधारण ८९ सेंटिमीटरवर येते. तिच्या पलीकडून गेलेला चेंडू बहुधा वाइड दिला जातो. लेगच्या बाजूला पंच अधिक कडक असतात. फलंदाजाच्या पायांच्या मागून, लेग यष्टीबाहेरून गेलेला चेंडू अशा सामन्यांत सहसा वाइडच असतो. मुलांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धांत पंच बहुधा याच धोरणाने निर्णय देतात. उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलाचा पुढचा पाय सरळ न पडता डावीकडे झुकला, तर चेंडू उजव्या फलंदाजाच्या लेगला जातो, आणि सराव करताना लेगला जाणारे वाइड मोजले तर दोष बहुतेक वेळा पुढच्या पायातच सापडतो.

चेंडू फलंदाजाच्या बॅटला किंवा अंगाला लागला, तर तो वाइड राहत नाही. आवाक्याबाहेरच्या चेंडूमागे धावून बॅट फिरवली आणि चेंडू कडेला लागून झेल गेला, तर फलंदाज झेलबाद होतो. वाइड मागता येत नाही. फलंदाज स्वतः हलला, तर तेही पंच लक्षात घेतात. तो ऑफला सरकला आणि त्यामुळे चेंडू त्याच्या पायांमागून गेला, तर फलंदाजाच्या हालचालीमुळेच चेंडू दूर गेला, म्हणून तो वाइड देत नाहीत.

वाइडवर यष्टिचीत होता येते, आणि पहिल्या स्पर्धेत मुलांना सर्वांत महाग पडणारी गोष्ट हीच आहे. पुढे सरसावून खेळायला गेलेला फलंदाज चेंडू वाइड गेल्याचे पाहून निवांत होतो, तोवर यष्टिरक्षक यष्ट्या उडवतो. वाइडवर धावचीत, यष्टिचीत, हिट विकेट आणि क्षेत्ररक्षणात अडथळा या चारही प्रकारे फलंदाज बाद होऊ शकतो. उलट, वाइडवर धावाही वाढतात. यष्टिरक्षकाने वाइड सोडला आणि चेंडू सीमारेषेपार गेला, तर एकूण पाच वाइड धावा मिळतात. धावून एक काढली, तर दोन. या सगळ्या धावा गोलंदाजाच्या खात्यावर पडतात. एकच चेंडू नोबॉलही असेल आणि वाइडही असेल, तर तो नोबॉलच धरला जातो.

फ्री हिट क्रिकेटच्या मूळ नियमपुस्तकात नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, म्हणजे आयसीसीच्या, मर्यादित षटकांच्या सामन्यांसाठीच्या अटींत ती २००७ मध्ये आली. आधी फक्त पाय पुढे पडल्यामुळे झालेल्या नोबॉलनंतर ती मिळत असे. जुलै २०१५ पासून प्रत्येक प्रकारच्या नोबॉलनंतर मिळते. नोबॉलचा इशारा दिल्यावर पंच हात उंच करून डोक्यावर गोल फिरवतात. पुढच्या चेंडूवर स्ट्राइकला असलेला फलंदाज फक्त नोबॉलवर ज्या कारणांनी बाद होऊ शकतो, त्यांनीच बाद होतो. सवलत चेंडूला असते, विशिष्ट फलंदाजाला नसते. नोबॉलवर एकेरी धाव निघाली, तर फ्री हिट समोरचा फलंदाज खेळतो. फ्री हिटचा चेंडूच वाइड किंवा नोबॉल पडला, तर त्यापुढचा चेंडूही फ्री हिट असतो. त्या वाइडवर यष्टिचीतही होता येत नाही. स्ट्राइकचा फलंदाज तोच असेल, तर क्षेत्ररक्षणाची रचना बदलता येत नाही. नोबॉल जर क्षेत्ररक्षकांच्या चुकीच्या जागेमुळे झाला असेल, तर ती चूक सुधारण्यापुरता बदल चालतो.

हे तिन्ही नियम एकाच षटकात पाहायचे असतील, तर २३ ऑक्टोबर २०२२ रोजी मेलबर्नला झालेल्या भारत-पाकिस्तान टी-२० विश्वचषक सामन्याचे शेवटचे षटक घ्यावे. भारताला १६ धावा हव्या होत्या आणि गोलंदाज होता डावखुरा फिरकीपटू मोहम्मद नवाझ. पहिल्या चेंडूवर हार्दिक पंड्या झेलबाद झाला. दुसऱ्यावर दिनेश कार्तिकने एक धाव काढली. तिसऱ्यावर विराट कोहलीने दोन धावा काढल्या. तीन चेंडूंत १३ हव्या होत्या. चौथा चेंडू फुलटॉस आला आणि कोहलीने त्यावर षटकार मारला. चेंडू कमरेच्या वर होता, म्हणून पंचांनी नोबॉल दिला. पाकिस्तानी खेळाडूंनी हरकत घेतली, पण निर्णय कायम राहिला. षटकाराच्या सहा आणि नोबॉलची एक अशा सात धावा झाल्या आणि चेंडू मात्र मोजला गेला नाही. आता तीनच चेंडूंत सहा हव्या होत्या, आणि पुढचा चेंडू फ्री हिट होता.

नवाझने तो वाइड टाकला. एक धाव मिळाली, चेंडू मोजला गेला नाही आणि फ्री हिट कायम राहिली. पुढच्या चेंडूने कोहलीचा त्रिफळा उडवला. एरवी हा बळी होता, पण फ्री हिटवर कोहली बाद नव्हता. चेंडू यष्ट्यांना लागून मागे थर्डमॅनच्या दिशेने गेला आणि कोहली व कार्तिक तीन धावा धावले. यष्ट्या उडाल्या म्हणजे चेंडू मृत झाला, असे त्या वेळी पाहणाऱ्या अनेकांना वाटले. पण फ्री हिटवर त्रिफळा हे बाद होण्याचे कारणच नाही, त्यामुळे चेंडू जिवंत होता. बॅटला लागला नव्हता म्हणून त्या तीन धावा बाय म्हणून लिहिल्या गेल्या. अशा धावा मोजायच्या, हे २०२३ मध्ये आयसीसीने आपल्या अटींत स्पष्टच लिहिले. षटकाचा हा चौथा मोजलेला चेंडू होता. दोन चेंडूंत दोन धावा राहिल्या.

तीन धावा विषम असल्याने आता कार्तिक स्ट्राइकला आला. फ्री हिट संपली होती. पाचव्या चेंडूवर तो यष्टिचीत झाला. सहावा चेंडू खेळायला रविचंद्रन अश्विन आला. नवाझने तो लेगला टाकला, अश्विनने त्याला हात लावला नाही आणि पंचांनी वाइड दिला. धावसंख्या बरोबरीत आली आणि चेंडू एक राहिलाच. तो अश्विनने मिडऑफच्या डोक्यावरून उचलून मारला आणि सामना भारताने जिंकला. त्या षटकात एकूण नऊ चेंडू टाकले गेले आणि १६ धावांपैकी एक नोबॉल, दोन वाइड व तीन बाय, म्हणजे सहा धावा अवांतर होत्या. मुलांनी हे षटक कागदावर गुणलेखकाप्रमाणे लिहून पाहावे. वाइड बेरजेच्या चिन्हाने, नोबॉल वर्तुळाने. वर्तुळ आणि बेरजेची चिन्हे बाजूला काढली, की बाकी सहा नोंदी उरतात का, हे तपासले की मोजणी पक्की बसते.

सर्व सामन्यांत हे सारखेच लागू असते असे नाही. कसोटीत आणि दोन किंवा तीन दिवसांच्या सामन्यांत फ्री हिट नसते आणि वाइडचा निर्णयही बराच सैल असतो. टेनिस चेंडूच्या स्पर्धांत आयोजक आपले नियम ठरवतात. काही ठिकाणी लहान मुलांचे षटक फार लांबू नये म्हणून त्यात टाकायच्या चेंडूंवरही मर्यादा असते. डोक्यावरून गेलेला उसळता चेंडू कुठे वाइड, कुठे नोबॉल धरतात आणि एका षटकात असे किती चेंडू चालतात, हेही स्पर्धेनुसार बदलते. नाणेफेकीआधी पंच दोन्ही कर्णधारांना बोलावतात तेव्हा कर्णधाराने या चार गोष्टी विचारून संघाला सांगाव्यात: फ्री हिट आहे का, दुसरा टप्पा चालतो का, लेगचा वाइड किती कडक आहे, आणि डोक्यावरचा चेंडू कसा धरणार.